पाचव्या मिनिटाला काय करायचं: मुलाची फिट आणि घरातला मिडॅझोलम स्प्रे

मुलांच्या मेंदूविकारांच्या ओपीडीत मी परिचारिका आहे. डॉक्टरांनी लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलम या औषधाचा स्प्रे लिहून दिला की आई-वडिलांना तो वापरायला शिकवायचं काम माझं. इतक्या घरांना शिकवल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे: फिट चालू असताना कुणालाही हिशेब सुचत नाही. मुलाचं वजन आठवत नाही, बाटलीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत, फिट कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. म्हणून जे ठरवायचं ते आधीच ठरवून कागदावर लिहून ठेवायचं आणि त्या वेळी फक्त कागदाप्रमाणे वागायचं. या लेखातला बराचसा भाग त्या कागदाबद्दल आहे.

उदाहरण म्हणून एक मुलगी घेऊ. वय ४ वर्षं, वजन १६ किलो. अपस्माराचं निदान होऊन वर्ष झालं आहे, रोजचं औषध चालू आहे, तरी अधूनमधून फिट येते. घरात आई आणि आजी असतात, वडील कामानिमित्त बाहेरगावी. तिला आपण छकुली म्हणू.

पाच मिनिटंच का

बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्यांना या स्प्रेची गरज नसते. मुलाला कुशीवर वळवून जवळ बसलं की पुरतं. पण हातपाय ताठ होऊन झटके येणारी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, तर ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, म्हणून डॉक्टर तिथून तिला तातडीची अवस्था मानतात. तशीच अर्धा तास चालली तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. पाच मिनिटं ही औषध देण्याची वेळ आहे, धोका सुरू होण्याची नाही; मधला वेळ औषधाला काम करायला आणि तुम्हाला दवाखान्यात पोहोचायला आहे.

लवकर देण्याला आणखी एक कारण आहे. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं. पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी जागा असतात आणि मिडॅझोलम तिथेच जाऊन गाबाचा परिणाम वाढवतं. फिट लांबत गेली की या जागा पेशीच्या आत ओढल्या जातात. त्यामुळे पाचव्या मिनिटाला जो डोस फिट थांबवतो, तोच विसाव्या मिनिटाला अपुरा पडू शकतो. ‘अजून थोडं बघू, थांबेल’ असं म्हणण्यात जाणारी दहा मिनिटं अशी महागात पडतात.

नाकातून किंवा गालाच्या आतून का द्यायचं, हेही पालक विचारतात. बेशुद्ध मुलाला तोंडाने औषध पाजणं मुळातच धोक्याचं. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय गिळलेलं मिडॅझोलम आतड्यातून आधी यकृतात जातं आणि त्याचा मोठा भाग तिथेच मोडतो. नाकाच्या आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून ते थेट रक्तात मिसळतं आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतं.

डोसचा हिशेब, आणि त्यातली जीवघेणी चूक

डोस तुमच्या मुलाच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. तरीही हिशेब कसा होतो हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे लिहिताना किंवा औषध घेताना चूक झाली तर तुमच्याही लक्षात येईल.

नाकातून देताना साधारण प्रमाण दर किलोमागे ०.२ मिलिग्रॅम असतं. छकुली १६ किलोची, म्हणजे ३.२ मिलिग्रॅम. आपल्याकडे बऱ्याच घरांत असतो त्या स्प्रेच्या एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम औषध असतं. ३.२ ला ०.५ ने भागलं तर ६.४ फवारे येतात. अर्धामुर्धा फवारा देता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहिलं: ६ फवारे, प्रत्येक नाकपुडीत ३, एकूण ३ मिलिग्रॅम. दोन नाकपुड्यांत वाटून द्यायचं कारण साधं आहे. एकाच बाजूला सगळं सोडलं तर ते घशात उतरतं आणि वाया जातं. मूल मोठं असलं तरी एका वेळचा डोस १० मिलिग्रॅमच्या वर जात नाही.

आता चूक कुठे होते ते पाहा. ‘सहा फवारे’ हा आकडा आईच्या डोक्यात बसतो. आठ महिन्यांनी बाटलीची मुदत संपते आणि दुकानात दुसऱ्या कंपनीची बाटली मिळते. तिच्या एका फवाऱ्यात १.२५ मिलिग्रॅम औषध असतं. बाटली तशीच दिसते, पण तिचे सहा फवारे म्हणजे ७.५ मिलिग्रॅम, ठरलेल्याच्या अडीचपट. एवढ्या डोसने १६ किलोच्या मुलाचा श्वास मंदावू शकतो. उलटंही होतं: जास्त ताकदीच्या बाटलीची सवय असलेल्या घरात ०.५ ची बाटली येते, दोनच फवारे दिले जातात आणि फिट थांबत नाही.

म्हणून कागदावर नुसता फवाऱ्यांचा आकडा कधीच लिहू नका. छकुलीच्या कागदावर असं आहे: ‘वजन १६ किलो. डोस ३ मिलिग्रॅम. ०.५ मिलिग्रॅमच्या बाटलीतून ६ फवारे, ३ उजवीकडे, ३ डावीकडे.’ खाली तारीख आणि डॉक्टरांची सही. नवी बाटली घरी आली की कागद हातात घेऊन ‘एका फवाऱ्यात किती’ ही ओळ जुळवून पाहायची. जुळली नाही तर वापरण्याआधी डॉक्टरांना फोन करून नवा आकडा लिहून घ्यायचा. बाटली दुकानातून घेतानाच हे पाहिलं तर आणखी बरं.

वजनाचंही तसंच. मुलं वाढतात, कागद तसाच राहतो. छकुली १९ किलोची झाली की हिशेब ३.८ मिलिग्रॅमवर जाईल, म्हणजे आठ फवाऱ्यांच्या आसपास. दर भेटीत वजन झालं की ‘स्प्रेचा डोस तोच ठेवायचा का?’ हा प्रश्न तुम्हीच विचारा. गर्दीच्या ओपीडीत तो राहून जातो, हे मी आतून सांगते आहे.

गालातून देण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं, दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत नाकाच्या स्प्रेपेक्षा गालात द्यायची भरलेली सिरिंजच जास्त दिसेल. तिथे डोस वयाच्या टप्प्याने ठरतो आणि एका प्रसिद्ध बनावटीत रंगांनी ओळखता येतो: एक वर्षाच्या आत २.५ मिलिग्रॅमची पिवळी, एक ते पाचच्या आत ५ ची निळी, पाच ते दहाच्या आत ७.५ ची जांभळी आणि पुढे १० ची केशरी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र हे औषध दवाखान्यातच दिलं जातं, कारण त्या वयात श्वास मंदावण्याचा धोका जास्त असतो.

काही डॉक्टर इंजेक्शनची ॲम्प्यूल गालात किंवा नाकात द्यायला शिकवतात. त्यात दोन ताकदींची ॲम्प्यूल मिळते, एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅमची आणि ५ मिलिग्रॅमची. एकीतलं एक मिलिलिटर दुसरीच्या पाचपट असतं. डॉक्टरांनी समोर बसवून शिकवलं नसेल तर ॲम्प्यूलच्या वाटेला जाऊ नका.

लिहून घेताना डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी आवर्जून सांगा. मूल घोरतं का, टॉन्सिल मोठे आहेत का, दमा किंवा स्नायूंचा आजार आहे का, ही पहिली. दुसरी, मूल कुठली औषधं घेतं. क्लोबाझाम किंवा फिनोबार्बिटोन हे फिटचं औषध रोज चालू असेल तर गुंगी वाढू शकते. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स किंवा फ्लुकोनाझोलसारखं बुरशीचं औषध चालू असताना मिडॅझोलम शरीरात जास्त वेळ टिकतं. सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर त्यांनाही स्प्रेबद्दल सांगा.

बाटली तयार ठेवणं

स्प्रेच्या बाटलीत वरपासून तळापर्यंत एक बारीक नळी असते. नवी बाटली पहिल्यांदा दाबली की त्या नळीतली हवाच बाहेर येते. म्हणून घरी आणल्यावर, सोबतच्या पत्रकात दिल्याप्रमाणे, बाटली उभी धरून, तोंडापासून लांब, बारीक धुक्यासारखा फवारा दिसेपर्यंत काही वेळा हवेत दाबायची. याला आम्ही ‘पंप भरून घेणं’ म्हणतो. आमच्याकडे आलेल्या एका आईने सांगितलं होतं, ‘सिस्टर, सहाच्या सहा मारले, काहीच झालं नाही.’ बाटली कधी दाबलीच नव्हती. पहिले काही फवारे नुसती हवा होते. म्हणजे मुलाला निम्माच डोस मिळाला असणार. तेव्हापासून मी पालकांना माझ्यासमोर पंप भरून दाखवायला लावते.

बाटली बरेच दिवस पडून असेल तर देण्याआधी एकदा हवेत दाबून धुकं येतं का पाहायचं. महिन्यातून एक दिवस ठरवून हे केलं तर त्या वेळी घाई होत नाही. हवेत मारलेले फवारेही बाटलीतूनच कमी होतात, म्हणून बाटलीवर चिकटवलेल्या पट्टीवर काड्या मारून हिशेब ठेवायचा. उघडल्याची तारीख आणि मुदत ठळक अक्षरात लिहायची. बाटली फ्रीजमध्ये नको आणि गाडीच्या डॅशबोर्डमध्ये तर नकोच. उन्हात उभ्या गाडीतली उष्णता औषध खराब करते. लहान भावंडांचा हात पोहोचणार नाही, पण मोठ्या प्रत्येकाला माहीत असेल, अशी एकच जागा ठरवा. शाळेसाठी वेगळी बाटली आणि कागदाची प्रत हवी, तीही दप्तरात नाही तर वर्गशिक्षकांच्या कपाटात.

फिट आली: पहिली पाच मिनिटं

पहिलं काम घड्याळ बघणं. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा किंवा कुणाला तरी मोठ्याने वेळ सांगायला लावा. छकुलीकडे हे काम आजीचं आहे. भिंतीवरच्या घड्याळाखालीच कागद चिकटवलेला आहे आणि आजी मोठ्याने मिनिटं म्हणते.

दुसरं काम, मुलाला जमिनीवर किंवा सपाट पलंगावर कुशीवर वळवणं. डोक्याखाली मऊ काहीतरी, गळ्याजवळचं बटण सैल, चष्मा काढलेला. लाळ आणि फेस खाली ओघळू द्यायचा, पदराने किंवा रुमालाने पुसायचा. तोंडात काहीही घालायचं नाही: चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. दातखीळ जबरदस्तीने उघडायला जाल तर दात तुटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. जीभ ‘गिळली जात’ नाही. कुशीवर वळवलं की ती बाजूला पडते. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, हातात किल्ली देणं यांनी फिट थांबत नाही. थांबली असं वाटतं, कारण ती त्या वेळी थांबणारच होती. हातपाय दाबून धरू नका.

सुरुवातीला शरीर ताठ होतं तेव्हा श्वास अडखळतो आणि ओठ काळपट-निळे पडू शकतात. ते पाहून घाबरायला होतंच. झटके सुरू झाले की श्वास तुटक तुटक पुन्हा चालू होतो. फिट थांबल्यावरही निळेपणा राहिला तर मात्र ती वेगळी बाब, त्याबद्दल पुढे.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बाटली हातात असावी, झाकण काढलेलं, एकदा हवेत दाबून पाहिलेली. मूल झोपेत किंवा दुसऱ्या खोलीत फिटमध्ये सापडलं आणि सुरुवात कधी झाली माहीत नसेल, तर सापडल्यापासून पुन्हा पाच मिनिटं मोजत बसायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या. बरेच डॉक्टर अशा वेळी लगेच द्यायला सांगतात. तासाभरात एकामागून एक छोट्या फिट येत असतील तर कितवीला द्यायचं, तेही प्रत्येक मुलासाठी वेगळं असतं आणि त्याच कागदावर हवं.

पाचवं मिनिट: औषध आणि फोन एकत्र

एकजण स्प्रे देतो, दुसरा १०८ लावतो. आधी स्प्रे देऊन बघू, नाही थांबली तर फोन करू, असं नाही. दोन्ही एकाच वेळी. याचं कारण आकड्यात आहे. २००५ साली ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत गालातल्या मिडॅझोलमची गुदद्वारातून दिल्या जाणाऱ्या डायझेपामशी तुलना झाली. मिडॅझोलमने दहा मिनिटांत फिट थांबली, तासाभरात परत आली नाही आणि श्वासही मंदावला नाही, असं ५६ टक्के वेळा घडलं. डायझेपामने २७ टक्के वेळा. म्हणजे मिडॅझोलम जवळजवळ दुप्पट चांगलं ठरलं. पण उरलेल्या ४४ टक्के वेळांना ते एकटं पुरलं नाही. तुमचं मूल कोणत्या बाजूला असेल हे पाचव्या मिनिटाला कळत नाही. ॲम्ब्युलन्स निघेपर्यंत फिट थांबली तर चांगलंच. ती परत पाठवता येते.

ज्या मुलाला हे औषध अनेकदा दिलं आहे, दर वेळी फिट लगेच थांबते आणि श्वास नीट राहतो, त्याच्या कागदावर डॉक्टर कधी कधी ‘स्प्रेनंतर पाच मिनिटांत थांबली नाही तरच ॲम्ब्युलन्स’ असं लिहितात. तसं लिहिलेलं असेल तरच तसं करा. घर तालुक्यापासून लांब असेल, गाडी यायला चाळीस मिनिटं लागत असतील, तर फोन उलट लवकर, तिसऱ्याच मिनिटाला करायचा की काय, हेही ठरवून ठेवा.

स्प्रे देण्याची रीत अशी. नाकातून शेंबूड येत असेल तर आधी पुसा. मुलाचं डोकं मांडीवर थोडं उंच घ्या, तोंड किंचित एका बाजूला. बाटली शक्य तितकी उभी ठेवा, कारण ती आडवी झाली की नळीचं टोक औषधाबाहेर येतं आणि पुन्हा हवाच निघते. टोक नाकपुडीत अर्धा-एक सेंटिमीटर आत, मधल्या पडद्याकडे नाही तर त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने. पडद्यावर मारलं तर औषध ओघळून बाहेर येतं. आता पूर्ण दाबा आणि मोठ्याने मोजा: उजवीकडे एक, डावीकडे एक, उजवीकडे दोन, असं आलटून पालटून सहापर्यंत. मोठ्याने मोजल्याने दुसऱ्यालाही आकडा ऐकू येतो. मध्ये झटका येऊन टोक बाहेर आलं आणि फवारा गालावर गेला असं नक्की दिसलं, तरच तो परत द्या. शंका असेल तर देऊ नका. मग लगेच कुशीवर वळवा आणि वेळ लिहा, हातावर पेनाने लिहिलं तरी चालेल.

नाकातून रक्त येत असेल किंवा सर्दीने दोन्ही बाजू चोंदल्या असतील तर नाकातून औषध नीट शोषलं जात नाही. अशा वेळी गालातून देण्याची सोय कागदावर असेल तर ती वापरा. गालाची रीत: मूल कुशीवर, लाळ पुसलेली, सिरिंजचं झाकण काढलेलं. बोटाने ओठाचा कोपरा बाजूला ओढून सिरिंजचं टोक खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खोबणीत ठेवा. दातांच्या मधे नाही, घशाकडे नाही. चार-पाच सेकंद लावून हळूहळू सोडा. औषध जास्त असेल तर निम्मं वरच्या गालात, मग मुलाचं तोंड थोडं वळवून निम्मं दुसऱ्या गालात. वरून गाल हलकेच चोळा. थोडं लाळेबरोबर बाहेर आलं तर पुन्हा देऊ नका.

आता पाहायचं काय

परिणाम साधारणपणे पाच मिनिटांत दिसू लागतो. झटके विरळ होतात, अंग सैल पडतं, श्वास खोल आणि घोरल्यासारखा होतो, मूल झोपी जातं. ही झोप तास-दोन तासांची असू शकते. फिटनंतरची आणि औषधाची गुंगी एकत्र झालेली असते, म्हणून ते हाक मारल्यावर लगेच बोलणार नाही.

या झोपेत तुमची नजर छातीवर हवी. चार वर्षांचं मूल निवांत झोपेत मिनिटाला साधारण वीस-पंचवीस श्वास घेतं. अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. दहा-बाराच्या खाली जात असेल, मधे लांब खंड पडत असतील, किंवा फिट थांबूनही ओठ निळसर असतील, तर हनुवटी हलकेच वर उचला, खांदा चोळून मोठ्याने हाक मारा आणि १०८ वर ‘श्वास मंद आहे’ हे शब्द वापरा. श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करावं लागतं. ते वाचून येत नाही. स्प्रे शिकता त्याच दिवशी आमच्यासारख्या कुणाकडून बाहुलीवर करून शिका.

सगळ्यात फसवी गोष्ट वेगळीच आहे. हातपायांचे झटके थांबतात आणि आपल्याला वाटतं संपलं. पण डोळे एकाच बाजूला खिळलेले असतात, ओठाचा कोपरा किंवा एखादं बोट फडफडत असतं. तेव्हा फिट आतून चालूच असू शकते. पापणी हलकेच वर करून पाहा: नजर एका बाजूला ताणलेली असेल तर ते तसंच ॲम्ब्युलन्सच्या माणसांना सांगा.

दुसरा डोस घरी द्यायचा नाही. कागदावर डॉक्टरांनी ‘दहा मिनिटांनी आणखी एकदा’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेवढाच अपवाद. मिडॅझोलमवर आणखी मिडॅझोलम किंवा दवाखान्यातलं त्याच जातीचं लोराझेपाम चढलं की श्वास मंदावण्याची भीती वाढते, आणि ते सांभाळायला ऑक्सिजन आणि मास्क हाताशी लागतो. दुसऱ्या मुलाचा स्प्रेही कधी वापरू नका.

काही प्रसंगांत मात्र पाच मिनिटं मोजायचीही गरज नाही, फोन लगेच करायचा. आयुष्यातली पहिलीच फिट, सहा महिन्यांच्या आतलं बाळ, पाण्यात आलेली फिट, डोक्याला जोराचा मार, मधुमेह असलेलं मूल, किंवा एक फिट संपून मूल शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू होणं. तापासोबत मान ताठ झाली असेल किंवा दाबल्यावरही न जाणारे लालजांभळे ठिपके अंगावर दिसत असतील तरीही. आणि हे औषध आयुष्यात पहिल्यांदाच देत असाल तर फिट थांबली तरी मुलाला दवाखान्यात दाखवा. त्याचा श्वास या औषधाला कसा प्रतिसाद देतो हे अजून कुणालाच माहीत नसतं.

छकुलीची ती संध्याकाळ

संध्याकाळी ७:४० ला टीव्हीसमोर बसलेली छकुली ताठ झाली. आईने कुशीवर वळवलं, आजीने घड्याळ पाहिलं. ७:४३ ला आजीने ‘तीन’ म्हणताच आईने कपाटातली बाटली आणली, एकदा हवेत दाबली, धुकं दिसलं. शेजारच्या दादाला आजीने हाक मारली, त्याने येऊन १०८ लावला. ७:४५ ला सहा फवारे, मोठ्याने मोजत. दादाने फोनवर सांगितलं: मुलगी चार वर्षांची, अपस्माराची जुनी रुग्ण, पाच मिनिटांपासून फिट चालू, मिडॅझोलम आत्ता दिलं. पत्त्यासोबत ‘गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो’ हेही सांगितलं आणि तो जाऊन उभा राहिला.

७:४९ ला हातपाय सैल झाले. आईने सुटकेचा श्वास सोडला. पण आजी म्हणाली, ‘अगं, ओठ बघ तिचा. अजून फडफडतोय.’ डावा कोपरा हलत होता, दोन्ही डोळे डावीकडे. आईने अर्धा मिनिट श्वास मोजले, अकरा. म्हणजे मिनिटाला बावीस, ठीक. मोबाइलवर वीस सेकंदांचं चित्रण केलं. पुन्हा स्प्रे द्यायचा मोह तिला झाला होता हे तिने मला नंतर सांगितलं. तिने दिला नाही.

८:०२ ला ॲम्ब्युलन्स आली. आईने कागद पुढे केला आणि एवढंच सांगितलं: ‘सात चाळीसला सुरू, सात पंचेचाळीसला तीन मिलिग्रॅम नाकातून, सोळा किलो, अजून ओठ हलतोय.’ दवाखान्यात डॉक्टरांना चित्रण दाखवलं. एक डोस आधीच गेला आहे हे कळल्यामुळे त्यांनी सलाईनमधून फक्त एकदाच लोराझेपाम दिलं आणि ऑक्सिजनवर ठेवून वाट पाहिली. ८:३० च्या सुमारास नजर सरळ झाली. रात्री अकराला छकुलीने पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर आईने बाटलीवरच्या पट्टीवर सात काड्या मारल्या, सहा दिलेल्या आणि एक हवेतली. दवाखान्यात वजन १६.८ भरलं होतं. तिने मला फोन करून विचारलं, सहाच ठेवायचे की सात. मी डॉक्टरांना विचारलं. हिशेब ६.७ फवाऱ्यांचा येत होता आणि आदल्या दिवशी सहा अपुरे पडले होते, म्हणून त्यांनी सात लिहून दिले, चार उजवीकडे आणि तीन डावीकडे. जुना कागद फाडून तिने नवा घड्याळाखाली चिकटवला आणि त्याचा फोटो शाळेच्या बाईंना पाठवला.